इंजिन रूममधील स्थिर कार्बन डायऑक्साइड अग्निशमन यंत्रणा आणि वायू सोडण्यापूर्वीची दक्षता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवाहू जहाजांवर सेकंड आणि पुढे चीफ इंजिनिअर म्हणून काम करताना, तसेच नंतर वर्गात शिकवताना, जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले ते येथे एकत्र केले आहेत. जहाजावर सगळे जण या यंत्रणेला सीओटू म्हणतात, म्हणून पुढे तोच शब्द वापरला आहे. प्रत्येक जहाजाची मांडणी थोडी वेगळी असते. त्यामुळे येथील माहिती आपल्या जहाजाच्या रिलीज कॅबिनेटवर लावलेल्या सूचनांच्या जोडीने वाचावी, त्यांच्या जागी नव्हे.

१. ही यंत्रणा नेमकी कशाची बनलेली असते आणि तिने आग विझते कशी?

इंजिन रूमच्या बाहेर, स्वतंत्र सीओटू रूममध्ये, उच्च दाबाचे सिलिंडर रांगेने बांधलेले असतात. बहुतेक जहाजांवर एका सिलिंडरमध्ये ४५ किलो वायू द्रवरूपात असतो. सगळे सिलिंडर एका मॅनिफोल्डला जोडलेले असतात, मॅनिफोल्डवर इंजिन रूमकडे जाणारा मेन व्हॉल्व्ह असतो आणि तिथून निघालेले पाइप इंजिन रूमच्या वेगवेगळ्या पातळ्यांवरील नोझलपर्यंत जातात. हे सगळे दूरवरून चालवण्यासाठी रिलीज कॅबिनेटमध्ये दोन छोटे पायलट सिलिंडर असतात. एकाच्या दाबाने मेन व्हॉल्व्ह उघडतो, तर दुसऱ्याच्या दाबाने मोठ्या सिलिंडरांची तोंडे उघडतात.

आग विझते ती प्राणवायूचे प्रमाण उतरल्यामुळे. हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, तो १५ टक्क्यांच्या आसपास आला की तेलाची ज्वाला तग धरत नाही. मात्र सीओटू वस्तूला फारसे थंड करत नाही. लाल झालेला एक्झॉस्ट पाइप वायू सोडल्यानंतरही तसाच तापलेला राहतो आणि त्याला पुन्हा हवा मिळाली की आग पुन्हा धरते. खालची बहुतेक उत्तरे या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. किती वायू लागतो हे कसे ठरते? थोडे सिलिंडर राखून ठेवता येत नाहीत का?

आंतरराष्ट्रीय अग्निसुरक्षा संहितेनुसार दोन हिशेब करून त्यांतला मोठा आकडा धरावा लागतो. पहिला हिशेब इंजिन रूमच्या एकूण आकारमानाच्या ४० टक्क्यांचा असतो आणि त्यात वरचे अरुंद केसिंग धरत नाहीत. दुसरा केसिंगसह एकूण आकारमानाच्या ३५ टक्क्यांचा असतो. वायूचे मुक्त आकारमान किलोमागे ०.५६ घनमीटर धरतात. २००० ग्रॉस टनेजपेक्षा लहान मालवाहू जहाजांना या टक्केवारीत काही सवलत आहे.

एक उदाहरण घेऊ. केसिंग वगळून इंजिन रूम २५०० घनमीटर आहे आणि केसिंगसह २७०० घनमीटर. पहिल्या हिशेबाने १००० घनमीटर वायू लागतो, दुसऱ्याने ९४५. म्हणून १००० धरायचे. त्याला ०.५६ ने भागले की सुमारे १७८६ किलो येतात, म्हणजे ४५ किलोचे ४० सिलिंडर. पण इंजिन रूममध्ये प्रत्येकी ५ घनमीटरचे, ३० बार दाबाचे दोन स्टार्टिंग एअर रिसीव्हर आहेत आणि त्यांच्या सेफ्टी व्हॉल्व्हचे पाइप बाहेर मोकळ्या हवेत नेलेले नाहीत, असे समजा. आगीत ते उडाले तर सुमारे ३०० घनमीटर हवा इंजिन रूममध्ये येईल. ती धरून आकारमान २८०० होते, वायू २००० किलो लागतो आणि सिलिंडर ४५ होतात. सेफ्टी व्हॉल्व्हचे पाइप कुठे तोंड काढतात यावर पाच सिलिंडर अवलंबून असतात, हे मला स्वतःला हिशेब मांडून पाहीपर्यंत पटले नव्हते.

त्यामुळे राखून ठेवण्याजोगे त्यात काही नसते. यंत्रणा एकाच वेळी पूर्ण सोडण्यासाठी मोजलेली असते आणि ८५ टक्के वायू दोन मिनिटांत आत गेला पाहिजे असा नियम आहे. निम्मे सिलिंडर सोडून अंदाज घेणे म्हणजे आग न विझवता वायू वाया घालवणे होय. त्याच सिलिंडरांतून प्युरिफायर रूमसारख्या लहान जागेलाही पुरवठा असेल, तर त्या जागेसाठी ठरलेले थोडेच सिलिंडर उघडतात. ती मोजणी वेगळी असते आणि तिचे नियंत्रणही वेगळे असते.

३. कॅबिनेटचे दार उघडताच काय होते?

दाराला लावलेल्या स्विचमुळे इंजिन रूममध्ये सायरन आणि फिरते दिवे सुरू होतात आणि बहुतेक जहाजांवर त्याच वेळी इंजिन रूमचे पंखेही बंद पडतात. वायू अजून सुटलेला नसतो. तो सोडण्यासाठी दोन वेगळी नियंत्रणे चालवावी लागतात, आधी मेन व्हॉल्व्हचे आणि मग सिलिंडरांचे. हा क्रम उलटता येऊ नये अशी रचना असते. दुसऱ्या नियंत्रणानंतरही टाइम डिले नावाचे साधन वायू काही काळ अडवून धरते. इशारा आणि वायू यांच्यात किमान २० सेकंद असलेच पाहिजेत.

हे २० सेकंद पुरेसे आहेत असे समजू नये. बॉटम प्लेटवर काम करणाऱ्याला धुरात तीन मजले शिड्या चढून यायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. सायरन हा शेवटचा इशारा आहे. माणसे त्याआधीच बाहेर आलेली असली पाहिजेत.

कॅबिनेटला कुलूप असेल तर त्याची किल्ली शेजारीच काचेच्या पेटीत असते. सरावासाठी दार उघडायचे असेल तेव्हा आधी ब्रिज आणि इंजिन कंट्रोल रूमला कळवावे. भर समुद्रात, पूर्ण वेगात पंखे अचानक थांबले तर मेन इंजिनची हवा तुटते, आणि असे झालेले मी पाहिले आहे.

४. वायू सोडला तेव्हा आत माणूस असेल तर त्याच्याकडे किती वेळ असतो?

जवळजवळ नसतोच. हवेत सीओटूचे प्रमाण १० टक्क्यांवर गेले की माणूस मिनिटाच्या आत-बाहेर बेशुद्ध होऊ शकतो आणि या यंत्रणेमुळे आत होणारे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास असते. त्या प्रमाणाला काही श्वासांतच शुद्ध जाते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सीओटू केवळ प्राणवायू हटवून गुदमरवत नाही, तो स्वतःही विषारी परिणाम करतो. म्हणून प्राणवायू बऱ्यापैकी असलेल्या हवेतही तो जीव घेऊ शकतो. गाळणीचा मास्क येथे निरुपयोगी आहे. सुटकेसाठी ठेवलेले श्वसनसाधन फक्त बाहेर पडण्यासाठी असते, ते घालून आत शिरायचे नसते.

शिवाय वायू सुटताना प्रचंड आवाज होतो, नोझलपाशी बर्फाचे कण उडतात आणि पांढऱ्या धुक्यात हाताएवढ्या अंतरावरचेही दिसत नाही. वाट पाठ असलेला माणूसही त्यात चुकतो.

५. वायू सोडण्यापूर्वी कोणकोणत्या गोष्टी कराव्यात, आणि कोणत्या क्रमाने?

परीक्षेत हा प्रश्न दहा ओळींच्या यादीने सुटतो. जहाजावर मात्र बरीच कामे एकाच वेळी वेगवेगळ्या हातांनी होतात, म्हणून एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवू. जनरेटरच्या इंधनाच्या पाइपला तडा गेला, तेल फवाऱ्यासारखे तापलेल्या एक्झॉस्टवर पडले आणि आग छताला भिडली. पोर्टेबल एक्स्टिंग्विशर रिकामे झाले, होज घेऊन गेलेली जोडी उष्णतेने मागे आली. सीओटूचा विचार येथे सुरू होतो.

पहिले काम हजेरीचे. सगळे मस्टर स्टेशनवर जमतात आणि नाव घेऊन मोजणी होते. नुसते डोके मोजून भागत नाही, कारण वीस आणि वीस जुळले तरी त्यात दुरुस्तीसाठी चढलेला एखादा तंत्रज्ञ मोजला जातो आणि आपला एक ऑइलर राहून जातो. ही शक्यता काल्पनिक नाही. सरावात दोनदा अशी चूक माझ्यासमोर झाली आहे. म्हणून मस्टर यादीत पाहुणे आणि कामगार यांची नावे रोज लिहावीत.

त्याच वेळी इंधन तोडले जाते. क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह इंजिन रूमच्या बाहेरून, बहुधा फायर कंट्रोल स्टेशनमधून ओढतात आणि इंधनपंप, ल्युब ऑइल पंप व प्युरिफायर आपत्कालीन स्टॉपने बंद करतात. हे केले की जहाजावर ब्लॅकआउट होणारच. म्हणून आपत्कालीन जनरेटर लोडवर आला का आणि आपत्कालीन फायर पंप चालला का, हे त्याच मिनिटाला पाहावे. सीमेवरील भिंतींना पाणी मारायचे आहे आणि ते याच पंपातून येणार आहे.

मग जागा बंद करायची. पंखे थांबले याची खात्री डॅम्परपाशी जाऊन करावी. फनेल फ्लॅप, स्कायलाइट, पंख्यांची डॅम्परे, वर्कशॉपचे दार, स्टिअरिंग गिअर रूमकडे जाणारे दार, शाफ्ट टनेलचे दार, हे सगळे बंद झाल्याचे त्या त्या माणसाने नावानिशी कळवावे. वरची छिद्रे सर्वांत धोकादायक असतात. तापलेली हवा फनेलमधून चिमणीसारखी वर जाते आणि तिच्या ओढीने खालच्या फटीतून ताजी हवा आत येते. खालची छिद्रेही सोडू नयेत, कारण सीओटू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो आणि खालच्या उघड्या दारातून पाण्यासारखा वाहून जातो. एका जहाजावर सरावात फनेल फ्लॅपची वायर ओढली, हँडल पूर्ण खाली आले आणि आम्ही 'बंद' असे कळवले. वर जाऊन पाहिले तर फ्लॅपची पिन गंजून अडकलेली आणि पट्टी अर्धी उघडी होती. तेव्हापासून हँडलच्या जागेवर मी विश्वास ठेवत नाही. फ्लॅपची खूण बाहेरून पाहायला माणूस पाठवतो.

शेवटी चीफ इंजिनिअर कॅप्टनला तीन गोष्टी सांगतो: सगळी माणसे मिळाली, इंधन तोडले, जागा बंद झाली. कॅप्टनचा आदेश मिळाल्यावर कॅबिनेट उघडायचे. कॅप्टनकडे निर्णय असतो त्याचे कारण मानापमानाचे नाही. वायू सोडल्यावर जहाज बराच काळ विनाइंजिन तरंगणार असते. किनारा किती जवळ आहे, नांगर टाकता येईल का, इतर जहाजांना कळवले का, हे ब्रिजवरूनच दिसते.

६. मेन इंजिन चालू ठेवून वायू सोडता येईल का? जहाज खडकाकडे वाहत असेल तर?

नाही. मेन इंजिनचे टर्बोचार्जर इंजिन रूममधलीच हवा ओढून चिमणीतून बाहेर टाकतात. इंजिन चालू असेल तर ते आपला मोजून आणलेला वायू मिनिटांत फनेलबाहेर फेकेल. जनरेटरलाही हेच लागू आहे. खडक जवळ असतील, तर वायू सोडण्याआधी इंजिनकडून जेवढा वेग किंवा वळण मिळवता येईल ते मिळवायचे की नाही, हा कॅप्टनचा निर्णय आहे. पण वायू सोडण्याच्या क्षणी इंजिन थांबलेलेच असले पाहिजे.

७. हजेरीत एक माणूस कमी आहे आणि आग वाढते आहे. वायू सोडावा का?

या प्रश्नाचे उत्तर कोणालाच सोपे जात नाही. आत माणूस असताना वायू सोडला तर तो वाचण्याची शक्यता जवळपास उरत नाही (प्रश्न ४ पाहा). म्हणून आधी त्याला शोधण्याचे सगळे उपाय वेगाने करावेत. त्याची केबिन, इंजिन कंट्रोल रूमचा फोन, सार्वजनिक घोषणा, त्याला शेवटचे कोणी आणि कुठे पाहिले, हे विचारायला मिनिट लागत नाही आणि बऱ्याचदा माणूस केबिनमध्ये झोपलेला किंवा डेकवर दुसऱ्या बाजूला सापडतो. तो आतच असण्याची शक्यता असेल, तर स्वयंपूर्ण ब्रीदिंग अपॅरेटस घातलेली दोघांची जोडी, पाण्याच्या आडोशाने आणि परतीची वेळ ठरवून, आत पाठवता येते. ती जोडी आत असेपर्यंत कॅबिनेटला हात लावायचा नाही आणि कॅबिनेटपाशी एका जबाबदार माणसाला उभे करायचे. शोध थांबवून वायू सोडण्याचा निर्णय फक्त कॅप्टनचा असतो.

८. होजने आणखी प्रयत्न करावेत की लगेच सीओटूकडे वळावे?

तेलाची फवाऱ्याची आग इंधन तोडल्यावरही पहिल्या प्रयत्नात आटोक्यात आली नाही, तर माझ्या मते रेंगाळू नये. उशीर झाला की पोलाद अधिक तापते आणि वायू पसरल्यानंतरही पुन्हा पेटण्याचा धोका वाढतो. उष्णतेने केबल आणि फ्लॅपच्या वायर निकामी झाल्या तर जागा बंद करणेही जमत नाही. मात्र 'लवकर' याचा अर्थ प्रश्न ५ मधील पायऱ्या गाळणे असा नाही. सराव केलेले पथक त्या पायऱ्या काही मिनिटांत पूर्ण करते, न केलेले पथक फनेल फ्लॅपचे हँडल शोधण्यातच तो वेळ घालवते.

९. दोन्ही नियंत्रणे चालवली, पण वायू सुटलेला दिसत नाही. आता काय?

आधी खात्री करावी. वायू सुटला असेल तर सीओटू रूममध्ये मॅनिफोल्डच्या गेजवर दाब दिसतो, पाइपवर बर्फ साचतो आणि मोठा आवाज येतो. टाइम डिले संपेपर्यंत मात्र शांतताच असते, म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये.

खरोखर वायू सुटला नसेल तर सीओटू रूममध्ये जाऊन हाताने उघडावे. क्रम तोच ठेवावा: आधी मेन व्हॉल्व्ह, मग सिलिंडर. उलटे केले तर सगळा दाब बंद व्हॉल्व्हमागे मॅनिफोल्डमध्ये अडकतो. अशा वेळी आत जाणाऱ्याने ब्रीदिंग अपॅरेटस घातलेला असावा, कारण जोडातून गळलेला वायू त्या छोट्या खोलीत तळाशी साचतो.

यंत्रणा न चालण्याचे सर्वांत लाजिरवाणे कारण म्हणजे सर्व्हिसिंगच्या वेळी लावलेली सेफ्टी पिन काढायची राहून जाणे. एकदा जहाजाचा ताबा घेताना मला पायलट सिलिंडरवर लाल फीत बांधलेली पिन तशीच आढळली. कागदपत्रांवर 'यंत्रणा तयार' अशी सही होती. प्रवासी जहाज कार्निव्हल स्प्लेंडरवर ८ नोव्हेंबर २०१० रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्याजवळ जनरेटरला आग लागली, तेव्हाही सीओटू यंत्रणा अपेक्षेप्रमाणे चालली नाही. हाताने चालवण्याचा प्रयत्नही फसला आणि जोडांमधून वायू गळला. म्हणून सर्व्हिसिंगनंतर तंत्रज्ञ उतरण्याआधी प्रत्येक पिन, प्रत्येक होज आणि प्रत्येक व्हॉल्व्हची स्थिती आपल्या माणसाने त्याच्यासोबत फिरून पाहावी.

१०. वायू सोडल्यानंतर इंजिन रूम कधी उघडावी?

ठरावीक तास सांगणारे उत्तर मी देत नाही, कारण आगीचा आकार आणि पोलादाचे तापमान दर वेळी वेगळे असते. सीमेवरील भिंती आणि डेकचे तापमान ठरावीक अंतराने मोजून लिहीत राहावे, पाणी मारत राहावे आणि आकडे सलग उतरून स्थिर झाल्याशिवाय दार उघडू नये. यात एक पूर्ण दिवसही जाऊ शकतो. कार्निव्हल स्प्लेंडरच्या चौकशीत आग पूर्ण विझण्याआधी जागा हवेशीर करण्याचा निर्णय ही एक चूक ठरली होती.

पहिली पाहणी ब्रीदिंग अपॅरेटस घातलेल्या जोडीने, शक्यतो वरच्या दाराने आणि दार लगेच मागे बंद करून करावी. खालचे दार उघडले तर जड वायू बाहेर वाहतो आणि बाहेरच्या खोलीतील माणसे धोक्यात येतात. आग विझल्याची खात्री झाल्यावरच पंखे लावावेत.

११. प्राणवायू मापक २० टक्के दाखवतो. मग आत जायला हरकत काय?

या प्रश्नात मोठा सापळा आहे. हवेत प्राणवायू पाचव्या हिश्शाइतकाच असल्याने सीओटूने हवेची जागा घेतली की प्राणवायूचा आकडा संथपणे उतरतो. तो २०.९ वरून १९.९ वर आला, म्हणजे फक्त एक टक्का कमी झाला, तरी सीओटू जवळपास ५ टक्के असू शकतो. दिवसभराच्या कामासाठी मान्य मर्यादा ०.५ टक्के आहे. त्यामुळे प्राणवायू २०.९ वर पूर्ण परतला पाहिजे आणि सीओटू वेगळ्या मापकाने मोजला पाहिजे. मोजणी बिल्ज, फ्लोअर प्लेटखालची जागा आणि शाफ्ट टनेल येथे अवश्य करावी, कारण पंखे तासभर चालले तरी तिथला वायू हलत नाही.

१२. आग लागलेली नाही, पण इंधन गळून बाष्प साचले आहे. खबरदारी म्हणून सीओटू सोडावा का?

सोडू नये. नोझलमधून वेगाने निघणाऱ्या सीओटूबरोबर घन कण बाहेर पडतात आणि त्यांच्यामुळे स्थिर विद्युतभार तयार होतो. ज्वालाग्राही बाष्पात त्याची ठिणगी पुरेशी ठरू शकते. ही यंत्रणा लागलेली आग विझवण्यासाठी आहे. बाष्पाच्या बाबतीत गळती थांबवणे, ठिणगी देणारे सगळे बंद करणे आणि माणसे बाहेर काढणे हाच मार्ग आहे.

१३. सिलिंडर भरलेले आहेत हे कसे कळते?

वजन करून किंवा द्रवाची पातळी मोजून. नाममात्र भरणीच्या ठरलेल्या टक्केवारीपेक्षा कमी आढळलेला सिलिंडर पुन्हा भरावा लागतो. पातळी मोजणारे साधन गरम सीओटू रूममध्ये फसते. ३१ अंश सेल्सिअसच्या वर द्रव आणि वायू यांतला भेदच राहत नाही, म्हणून साधनाला सापडण्यासारखी पातळीच नसते. उष्ण प्रदेशात हे काम पहाटे करावे, नाहीतर सरळ वजन करावे. मोजणी सुरू करण्यापूर्वी सिलिंडर चुकून उघडू नयेत यासाठी काय जोडलेले आणि काय सोडवलेले आहे ते लिहून ठेवावे आणि काम संपल्यावर तीच यादी उलट क्रमाने तपासावी (प्रश्न ९ मधील पिनची गोष्ट येथेही लागू पडते).